तेच पुन्हा सांगणे आणि तेच गृहीत धरणे

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी केलेले भाषण आमच्या अभ्यासवर्गात नुकतेच वाचले गेले. वाचन संपल्यावर महाविद्यालयाच्या वादस्पर्धांत भाग घेणाऱ्या एका तरुणीने आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे की, त्या भाषणातील सर्वांत गाजलेल्या परिच्छेदात एकच गोष्ट तीन-चार वेळा फिरवून सांगितली आहे. राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. मग हाच विसंगतीचा मुद्दा ‘किती काळ’ असा प्रश्न करून पुन्हा, आणि लगेच दुसऱ्या शब्दांत आणखी एकदा. हे सिद्ध करणे झाले की जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे? स्पर्धेत असे बोलल्यास परीक्षक गुण कापतात, असेही ती म्हणाली.

आक्षेप भक्तिभावाने झटकून टाकण्याजोगा नाही. दोन अगदी निराळ्या गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, हे त्याचे मूळ आहे. वक्ता एखादे विधान ठसावे म्हणून पुन्हा उच्चारतो, ती एक गोष्ट. ज्याविषयी वाद आहे तेच विधान हेतूच्या वेषात आणून प्रतिपक्षाकडून आधीच मान्य करून घेतो, ती दुसरी. दोन्हीकडे ‘तेच’ ऐकू येते, म्हणून कान फसतो.

आपल्याकडील नैयायिकांनी आणि त्यांच्याशी शतकानुशतके वाद घालणाऱ्या बौद्ध आचार्यांनी या दोहोंना वेगळी नावे दिली होती. पहिल्या प्रकारातील निष्कारण आवृत्तीला न्यायसूत्रे ‘पुनरुक्त’ म्हणतात आणि वादातील पराभवाच्या कारणांत तिची गणना करतात. तेथेच एक अपवादही आहे. काही प्रयोजनाने केलेली आवृत्ती म्हणजे ‘अनुवाद’, आणि अनुवाद हा दोष नव्हे. (आज आपण भाषांतराला अनुवाद म्हणतो, मूळ अर्थ ‘मागाहून पुन्हा बोलणे’ एवढाच.) न्यायसूत्रांतील त्याचा दाखला घरगुती आहे. कोणाला घाईने पाठवायचे असले म्हणजे आपण ‘जा, जा’ असे दोनदा म्हणतो. दुसऱ्या ‘जा’ने नवी माहिती मिळत नाही, पण त्वरा कळते.

दुसऱ्या प्रकाराचे नाव ‘साध्यसम’. साध्य म्हणजे जे सिद्ध करायचे ते. हेतूही तितकाच असिद्ध असला तर तो साध्यासारखाच झाला, म्हणून साध्यसम. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण सावलीचे देतात. सावली हे द्रव्य आहे, कारण ती चालते. ऐकताना हा युक्तिवाद सरळ वाटतो. चालणे डोळ्यांना दिसते, आणि जे चालते ते द्रव्य असावे. परंतु सावली खरोखर चालते काय? माणूस चालतो, त्याच्या देहाने प्रकाश अडतो, आणि अडलेल्या प्रकाशाची जागा क्षणोक्षणी बदलते. सावली स्वतः चालते असे तोच म्हणेल, ज्याने ती स्वतंत्र वस्तू असल्याचे आधीच मानले आहे. शंका घेणाऱ्याला हेतूही साध्याइतकाच शंकास्पद वाटतो.

येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘द्रव्य आहे’ आणि ‘चालते’ ही दोन भिन्न विधाने आहेत. एकही शब्द पुन्हा आलेला नाही, तरी दोष आहे. उलट धूर आणि अग्नीचे प्रसिद्ध अनुमान घ्या. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. पर्वतही तसाच धूरयुक्त आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. पाच वाक्यांत धूर दोनदा सांगितला आणि अग्नीची प्रतिज्ञा शेवटी जशीच्या तशी परत आली, तरी येथे काहीही गृहीत धरलेले नाही. धूर डोळ्यांना दिसतो. तो पाहण्यासाठी अग्नी आधी मान्य करावा लागत नाही. एवढ्या आवृत्तीची गरज काय, असा प्रश्न बौद्ध तर्कज्ञांनी अवश्य केला. दिङ्नागाने शेवटचे निगमन अनावश्यक मानले, आणि धर्मकीर्तीने ‘वादन्याय’ या ग्रंथात प्रतिज्ञेचे उच्चारणही साधनाचे अंग नसल्याचे प्रतिपादले. पण त्यांचा आक्षेप फाजील शब्दांवर होता, चक्राकार युक्तिवादावर नव्हे. पुनरुक्तीचा आरोप सिद्ध झाला म्हणून साध्यसमाचा आरोप सिद्ध होत नाही. आमच्या तरुणीच्या परीक्षकांनी ही गल्लत करू नये, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून शब्दांची तुलना करून निर्णय लागत नाही. विचारायचे ते असे: निष्कर्षाविषयी ज्याच्या मनात शंका आहे, त्याला हा हेतू मान्य करण्यास निष्कर्षाखेरीज दुसरे काही कारण आहे काय? असल्यास युक्तिवाद चक्राकार नाही. मग तो कितीदाही सांगितलेला असो. नसल्यास चक्राकार आहे. मग भाषा कितीही पालटलेली असो.

आता ते भाषण पुन्हा उघडू. परिच्छेदातील ठसवणारे दोन्ही ‘किती काळ’ हे प्रश्न पेन्सिलीने खोडून टाका. काय उरते? २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक मताचे मूल्य समान मानले जाईल. हे सभागृहाने संविधानात लिहूनच ठेवले होते. ते सिद्ध करण्याची गरज नव्हती. समाजात आणि अर्थव्यवहारात माणसाचे मूल्य समान नाही, हे दुसरे विधान. त्यासाठी बाबासाहेब त्याच भाषणात आधी श्रेणीबद्ध विषमतेकडे आणि मूठभरांच्या अफाट संपत्तीशेजारी पसरलेल्या दारिद्र्याकडे बोट दाखवतात. हा धूर होता. कोणालाही दिसत होता. निष्कर्ष असा की, ही विसंगती लांबली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल. त्याला कारण निराळे दिले आहे: ज्यांना विषमता सोसावी लागते, ते लोक ही इमारत उद्ध्वस्त करतील. या अनुमानाशी कोणी असहमत होऊ शकेल. पीडित माणसे बंड न करता पिढ्यान्‌पिढ्या सोसत राहतात, असे म्हणून त्याच्याशी वाद घालता येईल. पण वाद घालता येतो, यातच ते चक्राकार नसल्याचा पुरावा आहे. खोडलेले प्रश्न परत लिहिले की युक्तिवादाचे बळ वाढत नाही. ऐकणाऱ्याची अस्वस्थता मात्र वाढते. तो अनुवाद आहे, ‘जा, जा’ सारखा.

मात्र तरुणीच्या आक्षेपात एक तथ्य आहे. माणसामाणसात समता असावी, हे त्या परिच्छेदात सिद्ध केलेले नाही. ते मानूनच पुढे जावे लागते. समोर बसलेल्यांनी तेच तत्त्व मान्य करून संविधान घडवले होते, म्हणून तेथे ते मान्य आधाराचे स्मरण ठरले. हाच परिच्छेद समतेलाच नाकारणाऱ्या माणसापुढे, समता सिद्ध करण्यासाठी वाचला, तर तो साध्यसम होईल. वाक्ये तीच, श्रोता निराळा.

बाबासाहेबांना हा फरक किती नेमका ठाऊक होता, हे पाहायचे असेल तर १९३६ कडे जावे लागेल. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि तेथे कधीच न वाचले गेलेले भाषण त्यांनी त्या वर्षी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून प्रसिद्ध केले. त्यात ते समता, स्वातंत्र्य आणि बंधुता यांवर उभा असलेला समाज हा आपला आदर्श सांगतात. पण समतेपाशी थांबून प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच मांडतात. माणसे समान नसतात. आनुवंशिक देहबळ, घरातून मिळणारे शिक्षण आणि संस्कार, स्वतःचे प्रयत्न, या तिन्ही बाबतींत ती भिन्न असतात. हे ते मान्य करतात! यानंतर ‘पण सर्व माणसे समानच आहेत’ असे म्हटले असते तर तो साध्यसम झाला असता. तसे ते म्हणत नाहीत. ते दोन निराळी कारणे देतात. समाजाला आपल्या घटकांकडून अधिकात अधिक काही मिळवायचे असेल, तर आरंभापाशीच त्यांना शक्य तितके समान करावे लागेल. नाहीतर ज्यांना जन्म, घराणे आणि पैसा यांचा आधार आहे तेच शर्यत जिंकतील, आणि ती निवड कर्तबगारांची नव्हे, सुस्थितांची होईल. दुसरे असे की, राज्यकर्त्याला असंख्य माणसांशी वागायचे असते. प्रत्येकाची गुणवत्ता मोजून वेगळे वागवणे त्याला शक्यच नसते, म्हणून सर्वांना सारखे वागवणे हाच व्यवहार्य नियम. ही दोन्ही कारणे समतेवर श्रद्धा नसलेल्याच्याही हाती देता येतात.

त्याच पुस्तकात चातुर्वर्ण्याच्या ‘गुणकर्म’ समर्थनाचाही समाचार आहे. वर्ण जन्माने नव्हे, गुणाने ठरतो, असे आर्यसमाजी म्हणत. गुण असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय ही जन्माशी जखडलेली नावे कशाला हवीत, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. आपण त्यात आणखी एक ‘कशावरून’ जोडू या. अमक्याचा गुण कोणता, हे कशावरून ओळखावे? त्याच्या कुळावरून आणि कुळाच्या धंद्यावरून, असे उत्तर आले की वर्तुळ पुरे झाले. स्वतंत्र कसोटीवरून, असे उत्तर आले तर वर्तुळ तुटले. पण मग मुलाचा वर्ण बापावरून सांगता येत नाही, आणि ज्याचे समर्थन करायचे होते ती व्यवस्थाच हातातून निसटते.

हे जुने वाद अमेरिकेत आपल्या दाराशी येतात. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये जातिभेदविरोधी विधेयकावर जी खडाजंगी झाली, तशा वादांत एक युक्तिवाद नेहमी कानी पडतो: येथे जातिभेद नाही, कारण येथे येणारे लोक जात मागे सोडून येतात. कशावरून सोडतात? येथे जातिभेद दिसत नाही, त्यावरून. सावली चालते म्हणून ती द्रव्य, याच जातकुळीचे हे विधान आहे. याउलट, गव्हर्नर न्यूसम यांनी विधेयक नाकारताना दिलेले कारण असे होते की, असा भेदभाव प्रचलित कायद्याने आधीच निषिद्ध आहे. आपल्यापैकी अनेकांना ते पटले नाही, मलाही नाही. पण ते चक्राकार नाही. कायदा उघडून त्यातील ‘वंशपरंपरा’ या शब्दात जात बसते की नाही, हे तपासता येते. त्याला साध्यसम म्हणणारे आपले वक्ते नेम चुकवतात, आणि प्रतिपक्षाला फुकटचा विजय मिळतो.

आपल्या बाजूलाही एक वर्तुळ आहे. जातिभेद नाकारणारा स्वतः जातीयवादी असतो, कशावरून? तो जातिभेद नाकारतो, त्यावरून. टाळ्या मिळतात, पण कुंपणावर बसलेला श्रोता जागचा हलत नाही. त्याच्यासमोर ठेवायचा असतो तो धूर: नोकरीच्या ठिकाणी आडनावावरून झालेली चौकशी, भाड्याच्या खोलीसाठी विचारलेले ‘तुम्ही मूळचे कोण’, जपून ठेवलेला तारखेसह संदेश, ऐकणारा साक्षीदार. तो एकदा ठेवला की मग तेच वाक्य चारदा म्हणावे. परीक्षकाने गुण कापले तरी हरकत नाही.