फुकट मिळाले म्हणून विकता येते का?

शाळेचा वार्षिक अंक, मुशायऱ्याचा फ्लेक्स, लहान मुलांच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ, या सगळ्यांवर आता एआयने बनवलेली चित्रे दिसतात. त्यांच्याविषयी दोन मते वारंवार ऐकू येतात. काही जण म्हणतात, मॉडेल ओपन आहे, फुकट आहे, तेव्हा चित्र खुशाल विका. काही जण म्हणतात, अशी चित्रे विकणे मुळातच बेकायदा आहे. मला दोन्ही मते मान्य नाहीत. विकता येते की नाही याचे उत्तर ‘ओपन’ या शब्दात नाही. ते परवान्यात आहे, आणि चित्र अनेक तुकडे जोडून केलेले असेल तर अनेक परवान्यांत आहे.

ओपन मॉडेल म्हणजे जे आपल्या संगणकावर उतरवून चालवता येते ते, एवढाच अर्थ बहुतेक वेळा असतो. ते कोणत्या अटीवर चालवायचे, हे प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते. 2022 साली स्टेबल डिफ्यूजन आले, तेव्हा त्याच्या परवान्यात स्पष्ट लिहिले होते की तुम्ही बनवलेल्या चित्रावर आम्ही कोणताही हक्क सांगत नाही, मात्र त्याची जबाबदारी तुमची. सोबत काही मनाया होत्या: कायदा मोडू नका, कोणाची बदनामी करू नका, लहान मुलांचे शोषण करू नका. विक्रीला मनाई नव्हती. त्याच कंपनीच्या 2024 सालच्या 3.5 आवृत्तीला दुसरी अट आहे. तुमचे वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरपेक्षा कमी असेल तर व्यवसायासाठीही ती विनामूल्य वापरता येते, त्यापुढे वेगळा करार करावा लागतो. यात एकूण उत्पन्न धरले जाते, फक्त चित्रांतून आलेले नव्हे.

सर्वांत जास्त गोंधळ फ्लक्सबाबत होतो. ऑगस्ट 2024 मध्ये फ्लक्स-वनची दोन मॉडेले उतरवून घेण्यासाठी खुली झाली. त्यातले ‘श्नेल’ अपाची 2.0 परवान्यावर आहे, व्यवसायाला मुक्त. दुसऱ्याचे नाव ‘डेव्ह’, आणि त्याच्या परवान्याच्या नावातच बिगर-व्यावसायिक असे आहे. पण त्याच परवान्यात असेही लिहिले आहे की तयार झालेले चित्र व्यावसायिक कामासाठी वापरता येईल. मग खरे काय? दोन्ही खरे. अट मॉडेल चालवण्यावर आहे. पैसे घेऊन ऑर्डर पुरी करण्यासाठी दुकानातल्या संगणकावर डेव्ह चालवणे हा त्या मॉडेलचा कमाईसाठी केलेला वापर आहे, आणि परवाना त्याला बिगर-व्यावसायिक मानत नाही. चित्राबद्दलचे एक वाक्य दाखवून ही अट पुसता येत नाही. म्हणून डीटीपी करणाऱ्यांना माझे सांगणे असते की ऑर्डरसाठी श्नेल वापरा आणि हा वादच टाळा.

इथवर एका मॉडेलची गोष्ट झाली. पण विकायचे चित्र क्वचितच एका मॉडेलमधून निघते. समजा, उर्दू आणि मराठी शब्दांची मुलांसाठी एक पुस्तिका आहे. मुखपृष्ठावर मागे बाजाराचे दृश्य, पुढे पुस्तक हातात घेतलेली मुलगी, वर नस्तालिकमध्ये नाव. बाजार श्नेलने बनवला. मुलीचा फोटो आपणच काढला, पालकांची लेखी संमती घेतली. नावासाठी नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट घेतला. तो ओपन फाँट लायसन्सवर आहे. छापून विकायला हरकत नाही, नुसता फाँटच विकायला बसू नये एवढेच.

आता मुलीच्या फोटोची बॅकग्राउंड काढायची आहे. त्यासाठी बरेच जण आरएमबीजी नावाचे मॉडेल वापरतात, कारण ते केसांच्या कडा छान काढते आणि तेही उतरवून घेता येते. पण त्याचा मोफत परवाना बिगर-व्यावसायिक वापरापुरता आहे. धंद्यासाठी कंपनीशी करार करावा लागतो. त्याऐवजी एमआयटी परवान्याचे बायरेफनेट घेता येते.

मग छपाईचा प्रश्न येतो. मॉडेलने दिलेले चित्र साधारण 1024 बाय 1024 पिक्सेलचे असते. 300 डीपीआयने छापले तर ते जेमतेम साडेतीन इंच भरते. ए-5 आकाराच्या मुखपृष्ठाला सुमारे 1750 बाय 2480 पिक्सेल लागतात. म्हणून चित्र मोठे करणारे आणखी एक मॉडेल येते. त्यातले फोर-एक्स अल्ट्राशार्प खूप लोकप्रिय आहे, पण त्याच्यावरही बिगर-व्यावसायिक अट आहे. रिअल-ईएसआरगॅनवर ती नाही.

म्हणजे मुख्य मॉडेलचा परवाना अगदी स्वच्छ, आणि अडचण कडा कापणाऱ्या आणि चित्र मोठे करणाऱ्या साधनांत. तयार मुखपृष्ठाकडे पाहून हे कोणालाच कळणार नाही. कळते ते मॉडेल उतरवताना त्याच्या पानावरची ओळ वाचली तर. तिथे `license: apache-2.0` किंवा `license: mit` दिसले तर वाट मोकळी. परवान्याच्या नावात `nc` अक्षरे असली तर विक्रीच्या कामात ते मॉडेल घेऊ नये. आणि `license: other` असे असेल तर मूळ परवाना उघडून वाचण्याला पर्याय नाही. जोडलेल्या चित्राला लागू होतो तो त्यातल्या सर्वांत कडक तुकड्याचा नियम.

राहिला मालकीचा प्रश्न. ‘आम्ही हक्क सांगत नाही’ असे कंपनी म्हणाली, याचा अर्थ चित्र तुमच्या मालकीचे झाले असा होत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 मध्ये ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ या चित्राची नोंदणी मान्य केली. ते एआयने बनवलेले अनेक तुकडे निवडून, जागोजागी बसवून केलेले होते. संरक्षण मिळाले ते माणसाने केलेल्या निवडीला आणि मांडणीला; सुटे तुकडे त्यात आले नाहीत. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असे कलम आहे. पण ते या मॉडेलांच्या कितीतरी आधीचे आहे. नुसती सूचना टाइप करणारा त्यात कर्ता ठरतो, असे गृहीत धरून कोणी किंमत लावू नये.

यातून माझे मत सरळ निघते. आपल्या मुखपृष्ठाचा बाजार दुसऱ्या कोणी तसाच्या तसा वापरला, तर त्याला अडवण्याचा भक्कम आधार आपल्याकडे नसतो. म्हणून ‘हे चित्र फक्त तुमचेच राहील’ असे सांगून ग्राहकाकडून जादा पैसे घेणे हा मला गैरव्यवहार वाटतो. मांडणीचे, अक्षरांचे, फोटोचे, मेहनतीचे पैसे जरूर घ्यावेत. ते हक्काचे आहेत. आणि बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी: कोणता तुकडा कशातून आला, मॉडेलचे नाव आणि आवृत्ती काय, परवाना कोणता, तो कोणत्या तारखेला वाचला. तारीख यासाठी की एकाच कंपनीच्या अटी आवृत्तीगणिक बदलतात. उद्या प्रकाशकाने किंवा शाळेने विचारले, तर उत्तर त्या चिठ्ठीत असेल.