चारशे सापळे, चारशे गोळ्या



गेल्या हंगामात कारंजा-मानोरा भागातल्या कापूसवाल्यांसाठी तयार केलेला एक प्रस्ताव आमच्या हाती आला. कंपनीचे आणि संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. उद्या दुसऱ्या नावाने असाच कागद तुमच्या गावात येईल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०१८ मध्ये वाशिमचे नाव केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेले. म्हणजे आपल्या दारिद्र्याची सरकारदरबारी नोंद झाली, आणि ती नोंद दाखवून पैसा मागणारे आपल्या दारात आले.

प्रस्तावात लिहिले होते : लाभार्थी २००, प्रत्येकी एक एकर, गावे २०. अपेक्षित फलित : गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन आणि उत्पन्न दुप्पट. साहित्य : ४०० कामगंध सापळे, ४०० गोळ्या. देखरेख : मासिक अहवाल आणि छायाचित्रे.

आधी लाभार्थी पाहा. एका गावात दहाच शेतकरी, तेही शिवारभर विखुरलेले. बोंडअळीचा पतंग धुरा ओळखत नाही. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीतून तो तुमच्या शेतात येणारच. वीस गावांची नावे अहवालात शोभतात. अळीला आळा घालायचा तर एकाच गावाचे सलग शिवार घ्यावे लागते, आणि डिसेंबरअखेर कापूस उपटून फरदड न घेण्यावर सगळ्या गावाचे एकमत लागते.

आता अंदाजपत्रक. सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यास लागतात आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेतात राहतात. त्यातली गोळी तीन-चार आठवड्यांत निकामी होते. म्हणजे चार महिन्यांत एका सापळ्याला किमान चार गोळ्या. ४०० सापळ्यांना १६००. प्रस्तावात होत्या ४००. सप्टेंबरच्या मध्यानंतर, ऐन बोंडे धरण्याच्या वेळी, शेतात उभे राहिले असते ते नुसते प्लॅस्टिक. सापळा रिकामा पाहून शेतकरी म्हणाला असता, ‘अळी नाही’, आणि फसला असता. हे ओळखायला पदवी लागत नाही. गोळ्यांच्या आकड्याला सापळ्यांच्या आकड्याने भागा. उत्तर एक आले तर तो प्रस्ताव शेतीसाठी लिहिलेला नाही.

फलिताचे पाहा. एकरी दोन सापळे अळी मारत नाहीत, ती आल्याची खबर देतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या जोरावर निर्मूलन लिहिणे ही थाप आहे. आणि उत्पन्न दुप्पट, पण कशाच्या? आधीचे उत्पन्न कोणी मोजलेच नव्हते. कोरडवाहू कापसाचा उतारा पावसाबरोबर वरखाली होतो. पाऊस बरा झाला तर श्रेय संस्थेचे, नाही झाला तर दोष आभाळाचा!

म्हणून देखरेख छायाचित्रांनी होत नाही, बोंडे फोडून होते. प्रकल्पाच्या गावातली २० शेते निवडा आणि प्रकल्प नसलेल्या शेजारच्या गावातली तशीच २०. दर आठवड्याला प्रत्येक शेतातली २० हिरवी बोंडे फोडा. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे १० टक्के, नुकसानीची पातळी ओलांडली. त्याबरोबर फवारण्या किती झाल्या आणि कवडी कापूस किती निघाला, हेही लिहा. आठवड्याला ८०० बोंडे होतात. हे एकट्याचे काम नव्हे. गावातल्या दोन पोरांची मजुरी अंदाजपत्रकात लिहा आणि दर आठवड्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शेजारच्या गावापेक्षा आपली किडकी बोंडे कमी निघाली, तरच प्रकल्प यशस्वी.

शेवटची युक्ती घाईची. ‘३१ मार्चला पैसा परत जाईल, आजच सही करा.’ हेही अर्धसत्य आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने काम बहुवर्षीय म्हणून मंजूर केले असेल, तर उरलेला पैसा वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. २०२१ पासून हा नियम आहे. मार्चमध्ये शेतात कापूसच नसतो, तर तेव्हा सापळे वाटून कोणाचे भले होणार?

म्हणून आमचे सांगणे असे : प्रस्ताव ग्रामसभेत मराठीतून मोठ्याने वाचला गेल्याशिवाय लाभार्थ्यांच्या यादीवर सही किंवा अंगठा करू नका. आपल्या नावावर मागितलेल्या पैशाचा हिशेब मागणे ही मेहेरबानीची याचना नाही.