मुखपृष्ठावरचा चेहरा आणि मागचा फोटो

एखादा मोठा कलावंत गेला की त्या वर्षी कितीतरी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र येतं. ते बहुधा फोटोवरूनच केलेलं असतं. फोटो कोणी काढला, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

अमेरिकन गायक प्रिन्स एप्रिल 2016 मध्ये गेला. ‘व्हॅनिटी फेअर’च्या मालक कंपनीने लगेच त्याच्यावर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर अँडी वॉरहॉलने केलेलं प्रिन्सचं नारिंगी चित्र होतं. वॉरहॉल कधीच वारला होता, म्हणून त्याच्या प्रतिष्ठानला 10,000 डॉलर मिळाले. ज्या फोटोवरून ते चित्र झालं, तो लिन गोल्डस्मिथ यांनी 1981 मध्ये काढलेला. त्यांना पैसेही मिळाले नाहीत आणि अंकात त्यांचं नावही आलं नाही.

तो फोटो असाच सहज मिळालेला नव्हता. स्टुडिओत प्रिन्स अवघडून गेला होता. गोल्डस्मिथ यांनी त्याच्या डोळ्यांना, ओठांना थोडा रंग लावला आणि चेहऱ्याची हाडं उठून दिसतील अशी प्रकाशयोजना केली. 1984 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ला चित्रासाठी संदर्भ म्हणून, 400 डॉलरला, एकदाच वापरायला त्यांचा फोटो दिला गेला. वॉरहॉलने त्यावरून 16 चित्रं केली.

मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलच्या साऱ्या चित्रांवर तो निकाल नव्हता. मुद्दा होता ते एक चित्र मासिकाला देण्याचा. प्रिन्सवरच्या लेखांसोबत छापायला गोल्डस्मिथ यांचा फोटोही चालला असता, आणि चित्राने त्याचीच जागा घेतली होती.

मला हा निकाल रास्त वाटतो. चेहरा प्रिन्सचा असला, तरी त्या क्षणीचा प्रकाश आणि नजर छायाचित्रकाराने मिळवलेली असते. चित्र फोटोशेजारी ठेवून पाहावं. नाकाखालची सावली, बुबुळातला उजेडाचा ठिपका, कपाळावर आलेली बट जशीच्या तशी उतरली असेल, तर चित्रकाराने माणूस नव्हे, फोटो रंगवला आहे. पुष्कळ फोटो पाहून, चेहरा मनात मुरवून, स्वतःच्या उजेडात काढलेलं चित्र वेगळं दिसतंच.

आपल्याकडे 2012 च्या कायदादुरुस्तीपासून फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. फोटोतली व्यक्ती गेली म्हणून तो संपत नाही. प्रेमाने चित्र काढून घरात लावणाऱ्याला कोणी बोल लावू नये. पण तेच चित्र विकायला निघालं आणि छायाचित्रकाराला विचारलंही नाही, की आदर तिथे संपला. रुग्णालयातल्या किंवा अंत्यदर्शनाच्या फोटोंवरून तर परवानगी असली तरी चित्र करू नये.

आमच्याकडे व्यक्तिचित्रं पाठवणाऱ्या चित्रकारांना विनंती आहे: चित्रासोबत मूळ फोटो, छायाचित्रकाराचं नाव आणि त्यांची लेखी संमती पाठवा. चित्राखाली दोघांचीही नावं छापली जातील.