पदर कुठल्या खांद्यावर?

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न एका गुजराती घरात झाले. सासरी पहिल्या पूजेला आईचीच पैठणी नेसायची, पण पदर मात्र गुजराती, उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचा, असा तिचा हट्ट. पैठणीचे मोर एरवी पाठीमागेच राहतात. उजव्या पदरात ते समोर येतात! वहिनींना धास्ती एकच, रेशीम फाटेल.

पहिल्या खेपेला भाचीने सवयीप्रमाणे सात निऱ्या घातल्या आणि पदर पुढे घेतला. तो थेट घोट्यापर्यंत लोळू लागला. आमची गुजराती शेजारीण हसली. म्हणाली, "बेन, निऱ्या आधी मोजायच्या नाहीत. पदर आधी, निऱ्या मागून!"

त्याचे कारण सोपे आहे. आपल्या नेहमीच्या पद्धतीत पदर पाठीमागून फिरून उजव्या काखेखालून येतो, छातीवरून तिरका जाऊन डाव्या खांद्यावर चढतो आणि मागे सुटतो. गुजराती पदर पाठीवरूनच उजव्या खांद्यावर चढून पुढे उतरतो. छातीवरचा तो तिरका फेरा वाचतो. साडेपाच मीटरच्या साडीत एका निरीला साधारण पंचवीस सेंटिमीटर कापड जाते. भाचीचा पदर गुडघ्याच्या खाली जरासा ठेवला, तर दोन निऱ्या वाढल्या. सातच्या नऊ झाल्या.

दुसरी चूक खांद्यावर झाली. तिने पदराच्या सगळ्या चुण्या एकत्र करून पिन लावली. आता गळ्याकडचा काठ मोकळा राहिलाच नाही. या काठाचे टोक छातीवरून पसरून डाव्या कमरेला मागे खोचायचे असते. ते ओढताच पिनेभोवतीचे रेशीम ताणले गेले. वहिनी ओरडल्याच! मग शेजारणीने बाहेरच्या तीन-चार चुण्यांनाच पिन लावली, तीही जरीत नव्हे, साध्या पोतात आणि ब्लाउजसकट. गळ्याकडचा काठ सैल ठेवला. पारख अशी: टोक खोचल्यावर उजवा हात डोक्यापर्यंत न्यावा. पिन ओढली गेली, तर टोक थोडे सैल करावे.

डाव्या खांद्यावरचा मोकळा पदर याहून वेगळा. त्याला चुण्या नाहीत. खांद्यावर एकच पिन आणि बाकीचा पदर डाव्या हातावर. मोर त्यातही छान दिसतात, पण तो हात अडकून पडतो. वाढायचे असेल, तर चार-पाच चुण्या घालून पिन लावलेला पदरच बरा. बंगाली जुन्या पद्धतीत तर बारीक निऱ्या जवळजवळ नसतातच; पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो आणि उजव्या काखेखालून येऊन पुन्हा उजव्या खांद्यावर चढतो.

पूजेच्या दिवशी भाची वाकली, बसली, उठली. पदर जागचा हलला नाही. घरी परतल्यावर वहिनींनी दिव्याखाली पैठणी उलगडून खांद्याची जागा न्याहाळली. पिनेची दोन बारीक भोके, एवढेच. ती नखाने हलकेच चोळली आणि पैठणी पुन्हा मलमलीत गुंडाळली.