वस्तरा कायद्याला दिसतो, कंगवा दिसत नाही

केसांचा प्रश्न काढला की आपलीच माणसे हसतात. "रोस्टरचे बोला, शिष्यवृत्तीचे बोला, हे काय कुरळ्या केसांचे घेऊन बसलात? ते अमेरिकेतल्या काळ्यांचे आहे," असे म्हणतात. मला हे पटत नाही. केसांवरून माणसाची पायरी ठरवणे याच मातीत झाले आहे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, तो याच गोष्टीविरुद्धचा संप होता. दलित वस्तीतल्या माणसाचे केस कापायला नकार देणाऱ्या दुकानांच्या बातम्या तर अजूनही येतात.

आणि केस हा सन्मानाचा भाग आहे, हे आपल्या कायद्याने मान्यही केले आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यातले कलम ३(१)(ई) वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचे बळजबरीने मुंडण करणे, मिशा काढणे, तोंडाला काळे फासणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. गावोगाव हे घडत होते म्हणूनच ते कायद्यात आले. पण या कलमात एक शब्द पायाचा आहे, 'बळजबरीने'. हातात वस्तरा घेऊन कोणी अंगावर आला तर कायदा जागा होतो. तेच काम शाळेच्या नियमावलीने, कंगव्याने आणि टोमण्याने केले तर त्याला काही दिसत नाही.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पाड्यावरची तेरा वर्षांची पावरा मुलगी जळगावच्या एका खाजगी शाळेत आठवीत आली. तिचे केस दाट आणि बारीक कुरळे. शाळेचा नियम असा: केसांना तेल, चापूनचोपून दोन घट्ट वेण्या, वर रिबीन, एकही बट बाहेर नको. वाचायला निरुपद्रवी आहे. पण हा नियम सरळ केस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. कुरळ्या केसाला जागोजाग वळणे असतात, त्यामुळे डोक्यावरचे तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही. केस कोरडा राहतो आणि कोरडाच विंचरला की वळणावर तुटतो. तो ओला असताना, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवावा लागतो. रोज ओढून घट्ट वेण्या घातल्या तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होत जातात. त्वचेचे डॉक्टर याला ओढीने होणारी केसगळती म्हणतात. ताण लवकर थांबवला तर केस परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळेच मरतात. कपाळाची रेषा मागे सरकलेली आणि तिथे बारीक पुटकुळ्या आलेल्या दिसल्या, तर दोष मुलीच्या तेलात नाही, वेणीच्या ओढीत आहे.

आता ही मुलगी दुपारपर्यंत 'विस्कटलेली' दिसते. तिला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढतात, वर्गात तिचे नाव 'झिपरी' पडते. तिचा बाप आपल्याकडे आला, तर आपण कोणता कागद करणार?

३(१)(ई) लागत नाही, कारण मुंडण नाही आणि कलमातली बळजबरीही नाही. चारचौघांत केलेल्या अपमानाचे कलम आहे, पण हितेश वर्मा खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अपमान ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे म्हणून केलेला असला पाहिजे. 'झिपरी' शब्दात जात कुठे आहे, असे समोरचा वकील विचारणार. आणि खरेच, कुरळे केस सगळ्या जातींत असतात. तीच शाळा एखाद्या सवर्ण मुलीलाही केस चोपायला सांगेल. फरक इतकाच की, तिच्या केसांना कोणी 'जंगली' म्हणत नाही. हा फरक कोर्टात सिद्ध कसा करायचा?

मग उरतो शिक्षण हक्क कायदा. कलम १७ मध्ये मानसिक छळाला बंदी आहे आणि कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. हा रस्ता खरा आहे, तो वापरावा. पण हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. शिवाय फार तर एका शिक्षिकेला समज मिळेल, नियमावली भिंतीवर तशीच राहील. नववी-दहावीत तीच मुलगी, तोच नियम, आणि हातात हे कलमही नाही.

नोकरीत तर एवढेही नाही. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. धुळ्यातल्या शोरूमच्या मालकाने 'प्रेझेंटेबल दिसत नाही' म्हणून मुलीला काउंटरवरून काढले, तर त्याच्यापुढे ठेवायला सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा या देशात नाही. शशी थरूर यांनी लोकसभेत असे खाजगी विधेयक आणले होते, ते तसेच विरून गेले.

अमेरिकेतली माणसे याच भिंतीला धडकली होती. अलाबामातल्या एका कंपनीने २०१० मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणीला दिलेली नोकरी तिने जटांसारख्या वळलेल्या बटा कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली. २०१६ मध्ये अपील न्यायालय म्हणाले, वंश बदलता येत नाही पण केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नव्हे. आपला वकील 'झिपरी'त जात शोधत होता, त्याचाच हा भाऊ. यावर कॅलिफोर्नियाने २०१९ साली 'क्राउन अॅक्ट' केला. त्याने नवीन गुन्हा निर्माण केला नाही, वंशाची व्याख्याच रुंद केली. केसांचा पोत आणि ते जपणाऱ्या वेण्या-बटा वंशातच धरल्या. त्यामुळे 'केस बदल की' हे उत्तर बाद झाले.

पण शब्द किती जपून लिहावे लागतात, ते टेक्सासमध्ये दिसले. तिथे असाच कायदा १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला. एका शाळेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्याच्या बटांसाठी शिक्षा चालूच ठेवली आणि म्हटले, आमचा आक्षेप पोतावर नाही, लांबीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यात लांबीचा उल्लेख नव्हता.

आपल्याला हवी ती दुरुस्ती लहान आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात आणि राज्याच्या शाळा संहितेत लिहावे की, केसांचा नैसर्गिक पोत, लांबी किंवा बांधणी यांवरून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हिणवणे, वर्गाबाहेर ठेवणे किंवा काम नाकारणे हा भेदभाव आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा होता हा बचाव चालणार नाही. खाजगी नोकरीसाठी वेगळा कायदा लागेल, ती लढाई लांबची.

यावर स्वच्छतेचा मुद्दा येतो, आणि त्यात तथ्य आहे. आश्रमशाळेच्या वसतिगृहात उवा होतात, तिथे औषध आणि बारीक फणी लागतेच. जळगावच्या एमआयडीसीत चालत्या पट्ट्याजवळ मोकळे केस जिवावर बेततात, डाळ मिलमध्ये डोक्यावर टोपी हवीच. पण 'केस बांधा' हा सुरक्षेचा नियम झाला आणि 'केस सपाट दिसू द्या' हा दिसण्याचा. पहिला नियम कोणत्याही केसाला पाळता येतो. दुसरा काही केसांना पाळताच येत नाही. नियमावली हातात घेतली की एवढेच विचारावे: हा नियम मोडला तर कोणाला इजा होते? उत्तर 'कोणालाच नाही, पण बरे दिसत नाही' असे आले, तर तो नियम कोणत्या केसांकडे बघून लिहिला ते कळते.

कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. अनुदानित शाळेत तिचे काम फक्त सल्ल्याचे असते, पण वेणीचा नियम बदला अशी शिफारस तिच्या सभेत ठरावाने करता येते. आश्रमशाळांसाठी यावल आणि धुळे इथे आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालये आहेत. तिथे तोंडी बोलू नका, नियमावलीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. प्रत मिळत नसेल तर आधी माहिती अधिकारात ती मागा.