‘वय झालं’ हे निदान नव्हे

अब्बांना डिप्रेशन आहे हे कळायला आम्हाला आठ महिने लागले. ते कधी रडले नाहीत, उदास आहे असंही म्हणाले नाहीत. म्हणायचे, पोट साफ होत नाही, अंग दुखतं, पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली, ईसीजी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. मी सॉफ्टवेअरवाला, चुकीच्या ठिकाणी शोधलं की एरर सापडत नाही हे मला कळायला हवं होतं. घरात एकच वाक्य चालायचं, ‘सत्तरी ओलांडली, आता असंच व्हायचं.’

तसं होत नसतं. वयानं झोप हलकी होते, नाव आठवायला वेळ लागतो, गुडघे कुरकुरतात. पण चहाच्या टपरीवरचे मित्र नकोसे होत नाहीत. अब्बांनी तिथं जाणं सोडलं. मग पेपर बंद झाला, नातवाला गोष्ट सांगणंही बंद. चार महिन्यांत पाच किलो वजन उतरलं. आम्ही दुखणी मोजत बसलो, सुटलेल्या गोष्टी कुणी मोजल्याच नाहीत.

विसरायलाही लागले तेव्हा डिमेन्शियाची भीती वाटली. मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र त्यांची उत्तरं नीट ऐकली. वार विचारला की अब्बा लगेच म्हणत, ‘माहीत नाही.’ डिमेन्शियाचा माणूस बहुधा चूक सावरून घेतो, काहीतरी उत्तर देतो. नैराश्यातला माणूस प्रयत्नच सोडतो आणि आपल्या विसराळूपणाची तक्रार स्वतःच करतो. ही खूण पक्की नव्हे, दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून थायरॉइड आणि बी-१२ तपासलं.

मग त्यांनी हो-नाही उत्तरांचे पंधरा प्रश्न विचारले. या जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केलमध्ये झोप, भूक, दुखणं यांबद्दल काहीच नाही, कारण ते म्हातारपणातही बिघडतं. प्रश्न असतात ते आवडी सुटल्या का, आयुष्य रिकामं वाटतं का, असे. पाचाच्या वर गुण आले की पुढे तपासावं. अब्बांना दहा मिळाले.

जगणं नकोसं वाटतं का, हेही त्यांनी सरळ विचारलं. अम्मी दचकली. अब्बा शांतपणे म्हणाले, ‘कधीकधी.’ आम्ही त्यांना आठ महिने सब्र करा सांगत होतो. सब्र ते करतच होते, म्हणून तर बोलले नाहीत.

गोळी कमी मात्रेत सुरू झाली. या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यानं गोंधळ उडतो, तोल जातो. म्हणून दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. दीड महिना फारसा फरक दिसला नाही आणि अम्मी गोळी बंद करा म्हणू लागली. आधी झोप सुधारली, मन बरंच नंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे की फॅमिली डॉक्टरांनी बीपी मोजतानाच विचारावं, ‘चाचा, हल्ली काय करायचं सोडलंत?’ या प्रश्नाला मिनिटभर लागतं.

नवव्या आठवड्यात अब्बांनी विचारलं, ‘पेपर का बंद केलात?’