पाऊणमधला ‘एक’

‘पाऊणला भेटू’ या वाक्यात एकही आकडा नाही, तरी ऐकणाऱ्याला १२ वाजून ४५ मिनिटे अचूक कळतात. इंग्रजीत हेच ‘क्वार्टर टू वन’ होते. तेथे ‘एक’ उच्चारावाच लागतो. पण ‘पाऊण तास’ म्हटले की तोच शब्द ‘थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर’ होतो. दोन्ही भाषांतरे बरोबर आहेत, कारण मूळ शब्द आहे संस्कृत ‘पादोन’, म्हणजे पावाने उणे. कशातून उणे, तर एकातून. तो एक शब्दाच्या पोटातच दडलेला आहे.

‘सव्वा’ हा ‘सपाद’, पावासहित. ‘साडे’ हा ‘सार्ध’, अर्ध्यासहित. मात्र ‘साडेदोन’ कोणी म्हणत नाही, कारण तेथे ‘अडीच’ आधीच बसलेला आहे. त्याचे मूळ ‘अर्धतृतीय’: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. जर्मन माणूसही अडीच वाजले की ‘अर्धे तीन’ म्हणतो. इंग्रजीचे ‘हाफ पास्ट टू’ मागच्या तासाकडे पाहते, अडीच पुढच्याकडे.

घड्याळापुरते इंग्रजीचे ‘क्वार्टर’ आणि ‘हाफ’ पुरतात. खरी फसगत किमतीत होते. साडीची किंमत ‘पावणेतीनशे’ सांगितली, तर पाव कशाचा? रुपयाचा धरला तर २९९ रुपये ७५ पैसे होतील, आणि ते साफ चूक. पाव नेहमी शेवटी येणाऱ्या एककाचा: ‘शे’ असेल तर २५ उणे, म्हणून २७५, ‘पावणेतीन हजार’ असेल तर २५० उणे, म्हणून २७५०. इंग्रजीत ‘क्वार्टर टू थ्री हंड्रेड’ असे कोणी बोलत नाही. तेथे सरळ ‘टू सेव्हंटी-फाइव्ह’ म्हणावे. शब्दाची गंमत राखण्याच्या हट्टापायी गिऱ्हाइकाला कोड्यात टाकू नये.

जुन्या हिशेबांत मात्र आकडा सोपा करण्याची हीच सवय घातक ठरते. ‘सव्वा आणा’ याचे भाषांतर ‘एक आणा पंचवीस पैसे’ असे करणारा दोन काळ एकत्र कालवतो. रुपयाचे १०० नवे पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी आण्याचे चार पैसे होते, म्हणून सव्वा आणा म्हणजे एक आणा एक पैसा, एकूण पाच पैसे. इंग्रजी हिशेबांत पैशाच्या तीन पै धरत, तेव्हा तेथे ‘वन ॲना थ्री पाइज’ लिहिणे रास्त. उलट पंचवीस नवे पैसे म्हणजे पावली, अख्खे चार आणे! म्हणजे त्या भाषांतरात सव्वा आण्याचे पाच आणे झाले, चौपट. अशा ठिकाणी भाषांतरकाराने दशांश चिन्हाला हात न लावता नाण्याचे नाव लिहावे.

‘सव्वा रुपया’ मात्र या फेऱ्यातून सुटतो. तेव्हाचे एक रुपया चार आणे आणि नंतरचे एक रुपया पंचवीस पैसे ही रक्कम एकच, त्यामुळे दक्षिणेच्या ताटात १९५७ नंतरही सव्वा रुपया सव्वाच राहिला.